मक्याच्या राशीतील न उतरणारा आकडा: उबणारे धान्य वेळीच कसे ओळखावे

ज्या वर्षी परतीचा पाऊस लांबतो, त्या वर्षी खटाव आणि फलटण भागात मका ऑक्टोबरच्या शेवटी घाईने काढला जातो, मळला जातो आणि ढग पुन्हा दिसले की तितक्याच घाईने पत्र्याच्या खोलीत ओतला जातो. अशी रास वरून कोरडी आणि खडखडीत दिसते, पण महिन्याभराने तिच्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेल्यावर ऊब लागते. आमच्याकडची जुनी माणसे याला ‘धान्य उबलं’ असे म्हणत आणि हा शब्द अगदी नेमका आहे, कारण ओलावा आणि कोंडलेली ऊब या दोन्ही गोष्टी त्यात येतात. वास येण्यापूर्वी, दाण्याचा रंग बदलण्यापूर्वी हे उबणे कसे ओळखावे आणि ओळखल्यावर नेमके काय करावे, हे आमच्याच घरच्या एका राशीच्या आधाराने येथे सविस्तर मांडत आहे.

दाणा तापतो कशामुळे

साठवलेला दाणा जिवंत असतो. तो हवेतील प्राणवायू घेतो, स्वतःतील पिठूळ भाग हळूहळू जाळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतो. कोरड्या दाण्यात हे श्वसन इतके मंद असते की महिनोन्‌महिने त्याचा पत्ता लागत नाही. मक्याचा ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की दाण्यांमधल्या फटीतील हवा आपल्याकडच्या तापमानाला ७० टक्क्यांहून अधिक दमट होते आणि साठवणीतील बुरशीला वाढण्याइतका ओलावा मिळतो. त्यानंतरची बहुतेक उष्णता दाण्याची नसून बुरशीची असते.

ही उष्णता किती थोड्या नासाडीतून निर्माण होते, याचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा. एक क्विंटल मक्यातील फक्त १०० ग्रॅम पिठूळ भाग जळला, तर त्यातून सुमारे ६० ग्रॅम पाणी सुटते आणि इतकी उष्णता निघते की, ती बाहेर न पडल्यास त्या क्विंटलचे तापमान सात ते आठ अंशांनी वाढते. शंभर ग्रॅमची घट काट्यावर कोणालाही कळणार नाही, पण आठ अंशांचा फरक साध्या थर्मामीटरवर स्पष्ट दिसतो. नासाडीची खूण म्हणून तापमान इतके उपयोगी पडते ते यामुळेच.

यातली अडचण अशी की धान्याची रास उष्णता फार सावकाश पुढे सोडते, जवळजवळ लाकडासारखी. आतला गोळा ४० अंशांवर गेला असला तरी दोन-तीन फुटांवरचे दाणे थंडगार लागू शकतात. म्हणून राशीच्या कडेला हात घालून ‘सगळं ठीक आहे’ असे ठरवणे म्हणजे बाजूच्या खोलीत डोकावून आजारी माणसाची चौकशी करण्यासारखे आहे.

रास घालण्यापूर्वी: सरासरीवर विसंबू नये

आमच्या राशीची गोष्ट येथूनच सुरू होते. एकूण मका ६० क्विंटल होता. त्यातील ५२ क्विंटल ताडपत्रीवर पाच दिवस चांगला वाळला होता आणि त्याचा ओलावा १३ टक्के होता. उरलेला ८ क्विंटल ओढ्याकडच्या खालच्या पट्ट्यातला होता. त्याची कणसे पावसात सापडली होती आणि मळणीनंतर त्याला दीडच दिवस ऊन मिळाले होते. त्याचा ओलावा १७ टक्के होता, हे आम्हाला पुढे कळले. त्या वेळी सगळ्या मक्यातून मूठ मूठ घेऊन, मिसळून मोजले, तेव्हा यंत्राने साडेतेरा दाखवले. गणिताने ते बरोबरच होते, पण ६० क्विंटलची सरासरी साडेतेरा असणे आणि प्रत्येक दाणा साडेतेरावर असणे यांत फार मोठा फरक आहे. बुरशीला सरासरीशी काही देणेघेणे नसते, तिला ओला कोपरा पुरतो.

म्हणून प्रत्येक पट्ट्याचा, प्रत्येक दिवशीच्या मळणीचा नमुना वेगळा मोजावा. नमुना उन्हातून उचलून लगेच यंत्रात घालू नये, कारण तापलेल्या दाण्यावर यंत्राचा आकडा चुकू शकतो. तो घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, सावलीत तासभर ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजावा. यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत तिसऱ्या हिश्शाएवढे दाणे आणि दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, असे धरावे. मीठ चिकटले नाही तर मात्र एवढेच कळते की तो १५ च्या खाली आहे. साठवणीला योग्य आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही.

त्यापेक्षा भरवशाची एक रीत आहे. ओलावा माहीत असलेल्या मक्याचे एक पोते नेमके १०० किलोचे भरून, त्यावर खूण करून, तेच दाणे ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावर वेगळे वाळवावेत आणि रोज संध्याकाळी तोलावेत. १७ टक्के ओलाव्याच्या १०० किलोंमध्ये कोरडा भाग ८३ किलो असतो आणि तो कमी होत नाही, म्हणून १३ टक्क्यांवर आल्यावर त्या पोत्याचे वजन साधारण साडेपंचाण्णव किलो भरले पाहिजे. वजन ९७ वर थांबले असेल तर मका अजून वाळलेला नाही, मग तो हाताला कितीही खडखडीत लागो. चार-सहा महिने ठेवायचा मका १२ ते १३ टक्क्यांपर्यंत वाळवावा, असे माझे मत आहे. १४ ही बाजारात विकण्याची मर्यादा समजावी.

आणखी दोन चुका आम्ही त्याच संध्याकाळी केल्या. पहिली अशी की उन्हात तापलेला मका तसाच खोलीत ओतला. राशीच्या पोटाचे तापमान पहिल्याच दिवशी ३३ अंश होते. वाळवलेला मका रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवावा, जेणेकरून त्यावर दव पडणार नाही, आणि सकाळी दव उडाल्यावर पण ऊन चढण्याआधी, तो गार असतानाच आत न्यावा. दुसरी चूक अशी की सगळा मका चाळल्याशिवाय एकाच जागी ओतला. ओतताना अख्खे दाणे घरंगळत कडेला जातात, तर तुटलेले दाणे, भुसा आणि चुरा ओतण्याच्या जागेखालीच साठतो. या चुऱ्याने फटी बुजतात, हवा खेळत नाही आणि फुटलेल्या दाण्यावर बुरशी लवकर धरते. आमचा ८ क्विंटल ओला मका शेवटी, मधोमध, याच चुऱ्यावर पडला.

मोजायचे कसे

यासाठी महागडे साधन लागत नाही. तारेच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. पाच फुटी सरळ बांबूच्या टोकाला ते टोक सुतळीने पक्के बांधावे आणि बांबूवर दर फुटाला रंगाची खूण करावी. बंदुकीसारखा धरून दुरून मोजायचा थर्मामीटर या कामाला निरुपयोगी आहे, कारण तो फक्त पृष्ठभाग वाचतो. थर्मामीटर नसेल तर बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई राशीत खोवून पंधरा मिनिटे ठेवावी, चटकन ओढून काढावी आणि टोकापासून वरपर्यंत तळहाताने चाचपावी. कोणत्या खोलीवर ऊब आहे, हे सळईचा कोणता भाग उबदार लागतो त्यावरून कळते. हाताचा अंदाज उशिरा सावध करतो, कारण सळई तळहाताला गरम लागेपर्यंत धान्य ३७ अंशांच्या पुढे गेलेले असते. तरी काहीच न करण्यापेक्षा सळई बरी.

बांबू खोवल्यावर लगेच आकडा वाचू नये. दहा ते पंधरा मिनिटे थांबावे, कारण संवेदकाला भोवतालच्या दाण्यांच्या तापमानाला यायला तेवढा वेळ लागतो. राशीवर साधारण तीन-तीन फुटांवर जागा ठरवाव्यात, त्यातील एक नक्की शिखराखाली असावी, आणि प्रत्येक जागी वरून दीड फुटावर आणि तळाच्या थोडे वर असे दोन आकडे घ्यावेत. आमची रास मध्यभागी साडेचार फूट उंच होती, म्हणून पाच जागा पुरल्या. वेळ दर वेळी तीच ठेवावी. सकाळी सातची वेळ उत्तम, कारण दुपारी पत्रा तापला की वरचा अर्धा फूट थर उगाच गरम दिसतो. आठवड्यातून एकदा मोजणी पुरेशी आहे. पहिला महिना आणि पाऊस पडून गेलेला आठवडा मात्र दोनदा मोजावे.

आकडे वहीत लिहिणे हा या सगळ्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण एकटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. नोव्हेंबरात ३१ अंश हे धान्यासाठी वाईट तापमान नाही. ते वाईट आहे की नाही, हे मागच्या आठवड्याचा आणि शेजारच्या जागेचा आकडा पाहूनच ठरते.

वहीने काय सांगितले

आमच्या राशीच्या कडेच्या चारही जागांचे आकडे नोव्हेंबरच्या १५, २२ आणि २९ तारखेला आणि डिसेंबरच्या ६ तारखेला अनुक्रमे २९, २७, २५ आणि २३ च्या आसपास होते. रात्री थंड होत चालल्या होत्या आणि रासही त्यांच्यासोबत सावकाश गार होत होती. हे जसे व्हायला हवे तसेच होते. शिखराखालच्या जागेचे आकडे याच चार तारखांना ३१, ३१, ३४ आणि ३९ असे आले.

या दोन ओळी शेजारी ठेवून पाहिल्या तर बिघाड कुठल्या दिवशी कळायला हवा होता? तापमान चढलेले २९ तारखेला दिसते, पण खरी खूण २२ तारखेचीच आहे. त्या आठवड्यात बाकी सगळी रास दोन अंशांनी उतरली आणि मधली जागा होती तिथेच राहिली. थंडीच्या दिवसांत जे धान्य गार होत नाही, ते आतून तापत असते. बाहेर जाणारी उष्णता आणि आत तयार होणारी उष्णता सारखी झाल्याने आकडा हलत नाही, एवढेच. मला त्या दिवशी वाटले की मध्यभाग जाड आहे, म्हणून सावकाश गार होत असेल. तसे खरेच घडू शकते, आणि म्हणूनच अशा वेळी आठवडाभर वाट न पाहता तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. जाडपणामुळे गार होण्यास उशीर लागत असेल तर आकडा तेवढ्यात थोडा तरी खाली येतो. आला नाही, तर ती जागा उघडावी. शेजारच्या जागेपेक्षा पाच अंशांनी जास्त आकडा किंवा आठवड्यात दोन-तीन अंशांची वाढ दिसल्यास तर फेरमोजणीसाठीही थांबू नये.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. ऊब नाही म्हणजे बुरशी नाही, असे मात्र नव्हे. चार-पाच पोत्यांचा लहान साठा आपली उष्णता सहज बाहेर टाकतो, त्यामुळे तो न तापताही कुबट होऊ शकतो. भिंतीला टेकलेली पोतीही अशीच, न तापता खराब होतात. तापमानाची ही रीत राशीला आणि मोठ्या थप्पीला लागू पडते.

ऊब किड्यांची की बुरशीची

उघडल्यावर पहिला प्रश्न हा असतो, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे. तापलेल्या जागेतून किलोभर मका काढून चाळणीने पांढऱ्या कापडावर चाळावा. सोंडे, पोरकिडे आणि त्यांनी पाडलेले पीठ दिसले आणि दाणे मोकळे, १२-१३ टक्क्यांचेच असले, तर ऊब किड्यांची आहे. किड्यांची ऊब साधारण ४२ अंशांपलीकडे जात नाही, कारण त्या उष्णतेत ते स्वतःच टिकत नाहीत आणि बाजूला सरकतात. दाणे एकमेकांना चिकटून ढेप झाली असेल, उबट वास येत असेल आणि दाण्याच्या टोकाकडील कोंब असलेल्या भागावरची साल नखाने काढल्यावर आत निळसर-हिरवट रंग दिसत असेल, तर ती बुरशी आहे. बुरशीची ऊब ५० अंशांच्या पुढेही जाते. दोन्ही एकत्रही असू शकतात, कारण किड्यांच्या श्वसनातून सुटलेला ओलावा पुढे बुरशीला पोसतो.

किड्यांसाठी धुरी देता येते, पण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरच्या माणसाने कधीही वापरू नयेत. त्यातून सुटणारा वायू जीवघेणा आहे, आणि हे काम परवानाधारक कीडनियंत्रकानेच, माणसे राहत नसलेल्या बंद गोदामात करायचे असते. बुरशीवर धुरीचा उपयोग नाही. तिने ओलावा काढला जात नाही आणि रासही गार होत नाही.

आमच्याकडे प्रकरण बुरशीचे होते. शिखराच्या वरच्या तीन इंचांत पांढरट, कडक पापडी धरली होती आणि तिचा ओलावा २० टक्के निघाला. तिच्याखाली दोन फुटांवर तापलेला गोळा होता, अडीच फूट व्यासाचा, आणि त्याचा ओलावा साडेसतरा होता. वरची पापडी आतल्या गोळ्यापेक्षा ओली कशी, हे पाहून घरचे चकित झाले आणि पत्रा गळला असावा, असे त्यांना वाटले. पण पत्रा कोरडा होता. तापलेल्या पोटातील उबदार, दमट हवा फटींतून वर चढते, शिखराजवळच्या थंड थराला भिडते आणि तिथे आपला ओलावा सोडते, जसे भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून पाणी सुटते. म्हणूनच शिखराची पापडी ही वरून आलेल्या पाण्याची खूण समजून नुसती खरवडून टाकू नये. तिच्या खाली बांबू खोवून पाहावे.

उघडल्यावर करायचे काम

नाकातोंडावर घट्ट कापड किंवा धुळीचा मास्क बांधावा आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण बुरशीची धूळ फुप्फुसाला फार वाईट असते. ढेप झालेला आणि रंग बदललेला मका आधी, वेगळ्या पोत्यांत काढावा. आमच्याकडे तो पावणेदोन क्विंटल भरला. त्यानंतर गोळ्याभोवतीचा, दिसायला चांगला असलेला एक फुटाचा थर वेगळा काढावा, जो आमच्याकडे सुमारे आठ क्विंटल निघाला. उरलेला, गार असलेला मका तिसरा. हे तीन भाग एकमेकांत मिसळू नयेत. तापलेला मका सगळ्या राशीत पसरवून टाकला की ऊब निघून जाते, हे खरे. पण बुरशीही सगळीकडे पसरते आणि काय खराब होते हे पुन्हा कधी कळत नाही.

वेगळे ठेवण्याचे याहून मोठे कारण अफ्लाटॉक्सिन हे आहे. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी हे विष तयार करते, आणि तिला २५ ते ३२ अंशांचे तापमान मानवते. म्हणजे रास ४० अंशांवर पोहोचून सगळ्यांच्या ध्यानात येते, त्याच्या आधीच तिचे काम होऊन गेलेले असू शकते. हे विष उन्हात वाळवून जात नाही, शिजवून जात नाही, आणि डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या धान्यासाठी त्याची कायदेशीर मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. दुभत्या जनावराच्या खाद्यातून ते दुधातही उतरते. त्यामुळे ‘माणसाला नको, तर म्हशीला घालू’ हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग येथे बंद आहे. आम्ही ढेपेचा मका खड्ड्यात गाडला. भोवतालचे आठ क्विंटल ताडपत्रीवर दोन-तीन इंच थरात पसरून, तासातासाला फिरवून, चार दिवसांत साडेबारा टक्क्यांवर आणले, त्यातील अनेक जागांचे मिळून केलेले नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले आणि अहवाल येईपर्यंत त्या पोत्यांना कोणी हात लावला नाही. अहवाल मर्यादेच्या आत आला, तेव्हाच ती पोती विकली.

गार असलेला ५० क्विंटल मका चाळून, चुरा बाजूला काढून, पोत्यांत भरला आणि भिंतीपासून दोन फूट अंतर सोडून लाकडी फळ्यांवर थप्पी लावली. थप्पीच्या पोटातही बांबू जाईल अशी फट ठेवली. जानेवारीत तिथला आकडा २० च्या खाली गेला. अशा गारव्यात बहुतेक किड्यांची वाढ फार मंदावते.

फेब्रुवारी संपत आला की मोजण्याची जागा बदलावी लागते. थंडीत बाहेरचे थर गार आणि पोट उबदार असते, म्हणून ओलावा वर चढतो. ऊन वाढले की उलट होते: बाहेरचे थर तापतात, पोट आणि तळ गार राहतो, आणि ओलावा त्या गार भागाकडे, खाली उतरतो. त्यामुळे मार्चपासून शिखरापेक्षा मध्यभागाच्या तळाकडे अधिक लक्ष द्यावे. बांबू शेवटच्या खुणेपर्यंत खोवावा आणि महिन्यातून एकदा सर्वांत खालच्या, आतल्या पोत्याचे तोंड उसवून मूठभर दाणे काढून त्यांचा ओलावा मोजावा.